बक्षिसाचा किंवा नोकरीचा मेसेज खरा की फसवणूक? स्क्रीनशॉटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोबत एक चित्र आणि खाली एकच ओळ, ‘हे खरं आहे का?’ असे प्रश्न सारखे येत असतात. मूळ मेसेज बहुतेक वेळा विचारणाऱ्याकडेही नसतो. कुणीतरी पुढे पाठवलेलं चित्र तेवढं असतं. त्या चित्रावरून काय ठरवता येतं आणि काय नाही, हे इथे प्रश्नोत्तरांतून मांडलं आहे. घाई असेल तर प्रश्न ३ आणि ४ आधी वाचा.

१. नुसता स्क्रीनशॉट पाहून खरं-खोटं सांगता येतं का?

खोटं असेल तर बहुतेक वेळा सांगता येतं. खरं असल्याची खात्री मात्र कुठल्याच स्क्रीनशॉटवरून देता येत नाही, आणि हा फरक पक्का लक्षात ठेवायला हवा.

याचं कारण साधं आहे. कुठल्याही कंपनीचं पान कॉम्प्युटरवर उघडा, मजकुरावर राइट क्लिक करून `Inspect` निवडा, अक्षरं हवी तशी बदला आणि स्क्रीनशॉट काढा. मिनिटभराचं काम आहे. बदललेली अक्षरं ब्राउझरनेच रेखाटलेली असतात, त्यामुळे चित्रात खाडाखोडीची खूण राहत नाही. चॅटचं हुबेहूब चित्र बनवून देणाऱ्या वेबसाइटही आहेत. म्हणून ‘अगदी अधिकृत दिसतंय’ या निरीक्षणाला वजन देऊ नका. दिसण्यावरून खोटेपणा कधीकधी उघडा पडतो, पण खरेपणा सिद्ध होत नाही.

२. चित्र एडिट केलंय का, हे झूम करून किंवा एखाद्या अ‍ॅपमधून कळेल का?

त्यात वेळ घालवू नका. मेसेजिंग अ‍ॅपमधून फिरलेलं चित्र सहसा कॉम्प्रेस होतं, त्याची मूळ माहिती पुसली जाते आणि तपासणीच्या साधनांना धरायला काही उरत नाही.

शिवाय प्रश्नच चुकीच्या जागी पडतो. लोकांकडून येणारे बहुतेक स्क्रीनशॉट एडिट केलेले नसतातच. तो मेसेज कुणालातरी खरोखर आलेला असतो आणि त्याने प्रामाणिकपणे त्याचा फोटो काढलेला असतो. चित्र अस्सल असतं, खोटं असतं ते आतलं आश्वासन. चित्रातली फेरफार महत्त्वाची ठरते ती ‘मला पैसे मिळाले’ असं दाखवणाऱ्या पुराव्यांमध्ये. त्याबद्दल प्रश्न ७ पाहा.

३. मग सगळ्यात आधी कुठे पाहायचं?

लोगो, नाव, बक्षिसाची रक्कम हे सगळं बाजूला ठेवा आणि मेसेज तुम्हाला पुढे काय करायला सांगतोय ते वाक्य शोधा. फसवणाऱ्याला बाकी सगळं बदलता येतं, पण ही मागणी टाळता येत नाही, कारण तिच्याशिवाय त्याच्या हाती काहीच पडत नाही.

मागणी पैशांची असेल, मग तिला नोंदणी, डिपॉझिट, प्रोसेसिंग, कुरिअर, कर, यापैकी काहीही नाव दिलेलं असो, तर निर्णय तिथेच झाला असं समजा. ज्याला तुम्हाला पैसे द्यायचे आहेत तो आधी तुमच्याकडून पैसे घेत नाही. ओटीपी, पासवर्ड किंवा पिन मागितला असेल तर तेच. खात्यात पैसे जमा व्हायला यापैकी काही लागत नाही.

बाकी दोन मागण्या सौम्य वाटतात आणि लोक तिथेच फसतात. एक म्हणजे ‘या लिंकवर जा’ किंवा ‘या क्यूआर कोडवर फोन धरा’. दुसरी म्हणजे ‘पुढचं बोलणं दुसऱ्या अ‍ॅपवर करू’. अ‍ॅप बदलायला लावण्यामागे हिशोब असतो. जिथून पहिला मेसेज आला तिथलं खातं तक्रारींमुळे कधीही बंद पडू शकतं, म्हणून सावज आधीच सुरक्षित जागी हलवलं जातं.

मागणी दिसतच नसेल तर चित्र कापलेलं आहे का ते बघा. वरची पट्टी आणि खालची शेवटची ओळ बहुतेक वेळा गायब असते, आणि नेमकं तिथेच पाठवणाऱ्याचा पत्ता आणि मागणी असते. ज्याने चित्र पाठवलं त्याच्याकडून पूर्ण मेसेज मागवा. शक्यतो चित्र नको, मजकूर कॉपी करून घ्या.

४. एखादा नमुना घेऊन ओळ-ओळ तपासून दाखवाल का?

नेहमी येणाऱ्या साच्यावरून हा नमुना तयार केला आहे. कंपनीच्या खऱ्या साइटच्या जागी `example.com` घातलं आहे.

> नमस्कार, मी एचआर मॅनेजर. आपला बायोडेटा आमच्या कंपनीने निवडला आहे. घरबसल्या पार्ट-टाइम काम, रोज ३० ते ६० मिनिटं. अनुभवाची गरज नाही. पगार रोजच्या रोज. आज फक्त ७ जागा शिल्लक. माहितीसाठी आमच्या रिसेप्शनिस्टशी टेलिग्रामवर बोला: example.com.joining-desk.example

‘आपला बायोडेटा निवडला आहे’. कोणत्या पदासाठी? तो त्यांच्याकडे आला कुठून? बायोडेटा खरंच समोर असता तर सुरुवात तुमच्या नावाने झाली असती. इथे नाव नाही, पद नाही, अर्जाची तारीख नाही. हेच वाक्य हजारो नंबरांवर जसंच्या तसं जाऊ शकतं, आणि ते तसंच लिहिलेलं आहे.

‘रोज ३० ते ६० मिनिटं, अनुभवाची गरज नाही’. वेळ सांगितली, पगार सांगितला, पण काम काय ते सांगितलंच नाही. खऱ्या जाहिरातीत उलट असतं. तिथे कामाचं वर्णन लांबलचक आणि पगाराबद्दल हात आखडता. मला स्वतःला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते, कारण लोगो चोरता येतो पण नसलेल्या कामाचं तपशीलवार वर्णन करणं अवघड असतं.

‘आज फक्त ७ जागा’. हा आकडा तुम्ही कुणाला विचारू नये म्हणून आहे. ज्याने तुमचा बायोडेटा आधीच निवडलाय त्याला तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबलात तर काय फरक पडणार?

‘रिसेप्शनिस्टशी टेलिग्रामवर बोला’. वर सांगितलेलं अ‍ॅप बदलणं ते हेच. मॅनेजरने उमेदवाराला रिसेप्शनिस्टकडे पाठवायचं हा क्रमही उलटा आहे. प्रत्यक्षात पहिली व्यक्ती फक्त मासे गोळा करते, गळ दुसऱ्याच्या हातात असतो.

शेवटी लिंक. सुरुवातीला कंपनीचं नाव दिसतं म्हणून ती खरी वाटते, पण ती कंपनीची नाही. का, ते पुढच्या प्रश्नात. एकही बाहेरची चौकशी न करता, निव्वळ चित्रावरून, हा मेसेज बाद ठरतो.

५. लिंकमध्ये कंपनीचं नाव आहे, तरी ती खोटी कशी?

लिंक डावीकडून वाचली की फसायला होतं. तिचा मालक शेवटाकडे लिहिलेला असतो. `https://` नंतरचा पहिला `/` शोधा. तो नसेल तर लिंकचा शेवट धरा. तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटचा तुकडा आणि त्याच्या लगेच आधीचा शब्द मिळून जे होतं, ते मालकाचं नाव, म्हणजेच डोमेन.

```
careers.example.com/jobs             -> example.com
example.com.joining-desk.example/go  -> joining-desk.example
```

दुसऱ्या ओळीत `example.com` हे पुढे चिकटवलेलं लेबल आहे. स्वतःच्या डोमेनच्या पुढे कुणीही काहीही लिहू शकतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. काही देशांत शेवट दोन तुकड्यांचा असतो, जसं `.co.uk`. तिथे त्याच्या आधीचा शब्द पाहायचा.

चित्रावरून लिंक वाचण्याला मर्यादाही आहेत. `r` आणि `n` जोडून आले की `m` सारखे दिसतात. सिरिलिक लिपीतला `а` आणि इंग्रजी `a` डोळ्यांना सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. ईमेलमध्ये तर दिसणारा पत्ता एक आणि क्लिक केल्यावर उघडणारा दुसराच असू शकतो, आणि स्क्रीनशॉटमध्ये हे कळायला मार्गच नाही. छोट्या केलेल्या लिंक आणि क्यूआर कोड यांत तर मालकाचं नाव दिसतच नाही. म्हणून चित्रातली लिंक ‘जरा बघतो’ म्हणून टाइप करू नका.

डोमेन कधी नोंदवलं गेलं ते `lookup.icann.org` वर शोधता येतं. जुनी, नावाजलेली कंपनी आणि तीन आठवड्यांपूर्वीचं डोमेन, असं निघालं तर शंका संपली. डोमेन जुनं निघालं म्हणून मात्र काही सिद्ध होत नाही, कारण जुनी डोमेन विकत मिळतात. कुलपाच्या चिन्हावरही जाऊ नका. त्याचा अर्थ फक्त ‘मधल्या मध्ये कुणी वाचत नाही’ एवढाच. लोक त्याचा अर्थ ‘साइट विश्वासू आहे’ असा घेतात, म्हणून २०२३ मध्ये क्रोमने कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅड्रेस बारमधलं ते चिन्ह काढून दुसरं आणलं.

६. मेसेज कंपनीच्या नावाने आलाय, निळी टिकही दिसतेय. आणि तो त्यांच्या आधीच्या खऱ्या मेसेजच्या खालीच आलाय. तरी संशय घ्यायचा?

हो, या तिन्ही गोष्टी नकली असू शकतात.

नाव: चॅटच्या वर दिसणारं नाव कधी पाठवणाऱ्याने स्वतः ठेवलेलं असतं, तर कधी ज्याच्या फोनचा स्क्रीनशॉट आहे त्याने सेव्ह केलेलं असतं. ईमेलमध्येही मोबाइलवर नाव ठळक दिसतं, पत्ता त्यावर बोट ठेवल्याशिवाय दिसत नाही.

टिक: ती नेमकी कुठे आहे ते नीट बघा. व्हॉट्सअ‍ॅपची खरी टिक नावाच्या शेजारी असते. प्रोफाइल फोटोच्या गोलाच्या आत टिक असेल तर ती फोटोतच रंगवलेली आहे. पूर्वी ही टिक हिरवी असायची, त्यामुळे जुन्या स्क्रीनशॉटमध्ये हिरवी दिसली तर निव्वळ रंगावरून खोटं ठरवू नका.

जुन्या मेसेजखाली येणं: यामुळे भलेभले फसतात. एसएमएस पाठवताना नंबराऐवजी ११ अक्षरांपर्यंतचं नाव घालता येतं, आणि फोन एकसारख्या नावाचे सगळे मेसेज एकाच धाग्यात लावतो. खोट्या मेसेजवर तेच नाव घातलं की तो बँकेच्या खऱ्या मेसेजखाली जाऊन बसतो. काही देशांत अशी नावं नोंदवावी लागतात, तिथे हे कठीण जातं, पण सगळीकडे तशी सोय नाही. म्हणजे स्क्रीनशॉटमधला आधीचा खरा ओटीपी हा नंतरच्या बक्षिसाच्या मेसेजचा पुरावा होऊ शकत नाही.

७. पण त्यांनी मला खरंच पैसे दिले, खात्यात जमा झाले. मग फसवणूक कशी?

हा प्रश्न आला की मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण विचारणारा आत शिरलेला असतो.

‘टास्क’ प्रकारच्या फसवणुकीत सुरुवातीचे पैसे मुद्दाम दिले जातात. व्हिडिओ लाइक करायचे, हॉटेलांना रेटिंग द्यायचं, आणि दिवसअखेर थोडी रक्कम मिळते. मग येतो ‘प्रीपेड टास्क’: १०० भरा, १३० मिळतील. तेही मिळतात. यानंतर एका वेबसाइटवर तुमचं खातं दिसायला लागतं आणि त्यात आकडा वाढत जातो. एके दिवशी ‘कॉम्बो टास्क’ लागतो, शिल्लक वजा दाखवली जाते, आणि ती भरून काढली तरच सगळे पैसे सुटतील असं सांगितलं जातं. भरलंत की कर, त्यानंतर ‘क्रेडिट स्कोअर’ सुधारण्याचं शुल्क. स्क्रीनवरची ती शिल्लक म्हणजे त्यांनी टाइप केलेला आकडा आहे, त्यामागे पैसे नाहीत.

ग्रुपमध्ये इतर सभासद ‘मला आज मिळाले’ म्हणून बँकेचे स्क्रीनशॉट टाकत असतात. प्रश्न १ मधली युक्ती त्यासाठीच वापरली जाते, आणि ते सभासदही त्यांचेच असतात. पहिल्या रकमेवरून निष्कर्ष काढू नका. तुम्हाला पैसे भरायला सांगितलं तो क्षण निर्णायक. तिथे थांबलात तर नुकसान जवळपास शून्य.

अजून एक गोष्ट. आलेली छोटी रक्कम बहुतेकदा दुसऱ्या फसलेल्या माणसाकडून वळवलेली असते. ‘आमचे पैसे तुमच्या खात्यात घ्या आणि पुढे पाठवा, कमिशन ठेवा’ असं काम सांगितलं तर ते चोरीचे पैसे फिरवणं आहे, आणि पोलिसांच्या तपासात पहिलं नाव तुमचं निघतं.

८. बक्षिसावर कर तर खरंच लागतो ना? मग आधी मागितला तर काय बिघडलं?

अनेक देशांत लागतो, आणि फसवणारे त्याच माहितीचा फायदा घेतात. पण खरा कर सहसा एकतर बक्षिसातून कापून घेतला जातो किंवा विजेता थेट सरकारकडे भरतो. बक्षीस देणाऱ्याच्या एखाद्या माणसाच्या खासगी खात्यावर, गिफ्ट कार्डने किंवा क्रिप्टोमध्ये कर मागितला तर ती फसवणूकच समजा. ‘मग तुमच्या बक्षिसातूनच कापून घ्या’ असं उत्तर दिलं की समोरच्याकडे नियमांची लांबलचक गोष्ट तयार असते. ती वाचत बसू नका.

आणि मुळात तुम्ही त्या सोडतीत भाग घेतला होता का? तिकीट नाही, फॉर्म नाही, तर जिंकायचा मार्गच नाही. ‘तुमचा मोबाइल नंबर निवडला गेला’ हे वाक्य ही पोकळी भरण्यासाठीच लिहिलेलं असतं.

९. ऑफर लेटरवर शिक्का, सही आणि कंपनीचा नोंदणी क्रमांक आहे. क्रमांक सरकारी साइटवर तपासला, बरोबर निघाला.

त्यावरून एवढंच कळलं की अशी कंपनी अस्तित्वात आहे. पत्र तिने पाठवलं हे कळलं नाही. ज्या साइटवर तुम्ही क्रमांक तपासलात तिथूनच त्यांनीही तो उचलला असणार. शिक्का आणि सही कंपनीच्या एखाद्या जुन्या पीडीएफमधून कापून घेता येते.

खात्री करायची तर वाट पूर्णपणे बदला. पत्रातला नंबर, ईमेल, लिंक यातलं काहीही वापरू नका. तुम्हाला आधीपासून माहीत असलेला कंपनीचा पत्ता ब्राउझरमध्ये हाताने टाइप करा. शोधून काढत असाल तर वरचे जाहिरातीचे निकाल सोडून द्या, कारण तिथेही खोटे नंबर लावलेले असतात. नोकरीच्या पानावर ते पद आहे का बघा, आणि तिथल्या ईमेलवर पत्राची प्रत पाठवून ‘हे तुमचं आहे का?’ एवढंच विचारा.

१०. प्लेसमेंट एजन्सी नोंदणी फी मागतेय. एजन्सी तर फी घेतातच ना?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या खासगी रोजगार संस्थांबाबतच्या करारात (क्रमांक १८१) सातव्या कलमात तत्त्व स्पष्ट आहे: एजन्सीने कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये. एजन्सीला पैसे माणसं शोधणाऱ्या कंपनीने द्यायचे. करार मान्य केलेल्या देशांनाच तो लागू होतो आणि त्यात अपवादांची सोयही आहे, त्यामुळे काही ठिकाणी ठरावीक फी कायदेशीर असू शकते. अशा वेळी एजन्सीचा परवाना देणाऱ्या कार्यालयात चौकशी करा, एजन्सीने पाठवलेल्या परवान्याच्या फोटोवर विसंबू नका. नोकरी पक्की होण्याआधी, एखाद्या व्यक्तीच्या खासगी खात्यावर मागितलेली फी हा मात्र धोक्याचा इशारा समजा.

११. भाषेत इतक्या चुका आहेत की कोण फसेल? आणि भाषा अगदी शुद्ध असेल तर?

कॉरमॅक हर्ली या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकाने २०१२ मध्ये याचं एक पटणारं उत्तर दिलं. हजारो लोकांना मेसेज पाठवणं स्वस्त असतं, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी दिवसेंदिवस बोलत बसणं महाग पडतं. म्हणून मेसेज जितका अविश्वसनीय, तितके शंकेखोर लोक आधीच गळतात आणि शेवटपर्यंत जातील असेच उरतात. म्हणजे ओबडधोबड मेसेजसुद्धा आपलं काम नीट करत असतो.

शुद्ध भाषेला मात्र खरेपणाची खूण मानू नका. खऱ्या कंपनीचाच मजकूर उचलून फक्त लिंक बदलणं सर्रास चालतं.

१२. पैसे मागितले नाहीत, फक्त ओळखपत्र आणि बँक खात्याची माहिती मागितली. खऱ्या कंपन्याही मागतात की.

मागतात, पण कधी ते महत्त्वाचं. खरी कंपनी ही कागदपत्रं मुलाखत होऊन ऑफर स्वीकारल्यानंतर, स्वतःच्या पोर्टलवर किंवा एचआरच्या अधिकृत पत्त्यावर मागते. पहिल्याच संभाषणात, चॅटवर, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू आणि हातात धरून सेल्फी मागितली तर नकार द्या. तेवढ्यावर तुमच्या नावाने खातं उघडता येतं किंवा कर्ज घेता येतं, आणि ते तुम्हाला महिन्यांनी कळतं.

१३. सगळ्या खुणा संशयास्पद असूनही मेसेज खरा निघाला, असं होतं का?

होतं. लहान व्यावसायिक साध्या ईमेलवरून माणसं बोलावतात, खरे रिक्रूटर अनोळखी नंबरवरून लिहितात, छोट्या स्पर्धांचे आयोजक विजेत्याला घाईघाईत निरोप देतात. म्हणून अनोळखी नंबर, साधा ईमेल, चुकीचं व्याकरण यांपैकी एखाद्याच खुणेवर कुणाला बाद करू नका. अशा वेळी प्रश्न ९ मधली वाट धरा. खरा माणूस तुमच्या पडताळणीने चिडत नाही, आणि दोन दिवस थांबल्याने खरी नोकरी सहसा जात नाही. प्रश्न ३ मधली पैशांची किंवा पिनची मागणी असेल तर मात्र इतर सगळ्या खुणा चांगल्या असूनही नकारच द्या.

१४. मी आधीच उत्तर दिलंय, थोडे पैसेही भरलेत. आता काय?

नुसतं ‘हो’ लिहिलं असेल तर ब्लॉक करा. फार काही बिघडलेलं नाही, मात्र तुमचा नंबर ‘उत्तर देणारा’ म्हणून नोंदला गेला असेल, तेव्हा असे आणखी मेसेज येतील.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला फोन करा, कार्डच्या मागे छापलेल्या नंबरवर. पुढच्या खात्यातून पैसे काढले जायच्या आत व्यवहार अडवता आला तरच परत मिळण्याची शक्यता बरी असते, म्हणून तासांचा फरक मोठा असतो. पासवर्ड दिला असेल तर तो बदला, आणि तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही बदला. चॅट पुसू नका. समोरच्याचा पूर्ण नंबर, ज्या खात्यावर पैसे भरले त्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा आणि पोलिसांकडे तक्रार द्या. कापलेले स्क्रीनशॉट तिथे उपयोगी पडत नाहीत.

यानंतर काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असा मेसेज येण्याची शक्यता मोठी आहे. कधी वकील, कधी तपास अधिकारी, कधी हॅकर म्हणून. तुमची रक्कम आणि तारीख त्यांना बरोबर माहीत असते, कारण फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात किंवा समोर तेच लोक असतात. सोडवणुकीसाठी ते थोडी फी आधी मागतील. ती देऊ नका, आणि तो मेसेजही आधीच्या तक्रारीला जोडा.